न सांगता कळायला हवं

1990 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने पीएच.डी.साठी एक साधा प्रयोग केला. तिने माणसांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाने सगळ्यांना ठाऊक असलेल्या गाण्यांच्या यादीतून एक गाणं निवडायचं आणि त्याचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा. गुणगुणायचं नाही, तोंडाने काही सांगायचं नाही. दुसऱ्याने नुसता ठेका ऐकून गाणं ओळखायचं. ओळखण्याआधी ठेका देणाऱ्याला विचारलं जाई, समोरच्याला गाणं ओळखता येईल असं वाटतं का? ठेका देणाऱ्यांना वाटत होतं की निम्मी गाणी तरी सहज ओळखली जातील. प्रत्यक्षात 120 गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त 3.

ठेका देणाऱ्याच्या डोक्यात गाणं संपूर्ण वाजत असतं, शब्द, चाल, वाद्यं सगळ्यांसकट. त्यामुळे आपल्या बोटांतूनही तेच बाहेर पडतंय असं त्याला वाटतं. ऐकणाऱ्यापर्यंत मात्र टेबलावरची टकटक तेवढी पोचते. समोरचा माणूस गोंधळलेला पाहून ठेका देणाऱ्याला नवल वाटतं, कारण डोक्यात आधीच वाजणारं गाणं बाजूला ठेवून आपलाच ठेका ऐकणं त्याला जमत नाही.

नवरा-बायकोत किंवा एकत्र राहणाऱ्या दोघांत आडून बोललं जातं, तेव्हा नेमकं हेच घडतं. जो सुचवतो त्याच्या मनात सगळा संदर्भ असतो: आज दिवस कसा गेला, मागच्या वेळी काय झालं होतं, आता काय हवंय, का हवंय. बाहेर पडतं एखादं वाक्य, एखादा उसासा, जरा जोरात ठेवलेलं भांडं. सुचवणाऱ्याला वाटतं, यापेक्षा स्पष्ट आणखी काय सांगायचं! ऐकणाऱ्याला फक्त भांड्याचा आवाज ऐकू येतो.

जवळची माणसं आणि जास्तीचा विश्वास

यावर कोणीही म्हणेल, की टेबलावर ठेका देणारे ते एकमेकांना कितीसे ओळखत होते? वर्षानुवर्षं एका घरात राहणाऱ्यांचं तसं नसतं, त्यांना नजरेतून कळतं. हा समज केनेथ सावित्स्की, बोआझ कायझर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिला आणि निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या एका प्रयोगात 24 विवाहित जोडपी होती. एका वेळी दोन जोडप्यांना एकमेकांकडे पाठ करून बसवलं. एकाने रोजच्या बोलण्यातलं, अनेक अर्थ निघू शकतील असं वाक्य म्हणायचं आणि आवाजातून त्यातला ठरावीक अर्थ पोचवायचा. आपल्या जोडीदाराने आणि परक्या जोडप्यातल्या माणसाने तो अर्थ ओळखायचा.

बोलणाऱ्यांना खात्री होती की परक्यापेक्षा आपल्या माणसाला अर्थ जास्त कळेल. प्रत्यक्षात जोडीदार परक्यापेक्षा सरस ठरले नाहीत. म्हणजे जवळिकीने समज वाढली नव्हती. समजलं असेल, हा विश्वास मात्र वाढला होता.

कारण अगदी साधं आहे. परक्या माणसाशी बोलताना आपण सावध असतो. त्याला आपल्याबद्दल काही माहीत नाही हे लक्षात ठेवून पूर्ण वाक्यं वापरतो आणि त्याला कळलं का ते पाहतो. जवळच्या माणसाशी बोलताना ही काळजी सुटते. त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, याचा हिशेब ठेवायची गरजच वाटत नाही. तो आपल्या डोक्यातच राहतो असं धरून आपण बोलतो.

टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेत विल्यम इक्स यांनी याच विषयावर अनेक वर्षं काम केलं. त्यांची पद्धत अशी होती. दोन माणसांचं बोलणं चित्रित करायचं. मग प्रत्येकाला ते चित्रण वेगळं दाखवून, त्या त्या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं, हे लिहून घ्यायचं. त्यानंतर दुसऱ्याला चित्रण त्याच ठिकाणी थांबवून विचारायचं, आता समोरच्याच्या मनात काय असेल? अनोळखी माणसांचे अंदाज शंभरापैकी साधारण वीस गुणांइतके बरोबर येत. जवळचे मित्र आणि नवरा-बायको यांचे अंदाज तीस-पस्तीसच्या आसपास येऊन थांबत. सहवासाने फरक पडतो, पण सगळं न सांगता कळावं इतका तो नक्कीच नाही.

न्यूझीलंडमध्ये जेफ थॉमस आणि गार्थ फ्लेचर यांनी 1997 मध्ये याच धर्तीवर विवाहित जोडप्यांचा अभ्यास केला. जास्त वर्षं लग्न झालेल्यांचे अंदाज नव्याने लग्न झालेल्यांपेक्षा कमी बरोबर निघाले. नव्या जोडप्यातली माणसं एकमेकांकडे लक्ष देऊन पाहतात. जुन्या जोडप्यातली माणसं समोरच्याऐवजी त्याच्याबद्दलच्या आपल्या जुन्या मताकडे पाहतात. ‘मला माहीत आहे हा काय म्हणणार’ असं मनात आलं, की त्याचं म्हणणं ऐकणं थांबलेलं असतं.

एक गुरुवार, दोन अपेक्षा

हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं, ते एका काल्पनिक पण ओळखीच्या वाटणाऱ्या प्रसंगात सावकाश पाहू. जोडपं ठाण्यात राहणारं. दोघंही नोकरी करणारे, मुलगा पिंट्या चौथीत. तिचं माहेर नाशिकला. सोमवारी रात्री जेवताना ती म्हणते,

“आईच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी ठरलंय.”

“बरं झालं. किती दिवस रखडलं होतं.”

“दादा नेमका तेव्हा बाहेरगावी आहे.”

“मोतीबिंदूचं आता काही विशेष नसतं गं. त्याच दिवशी घरी सोडतात.”

“हं. बघते मी. जाईन एकटी.”

“ठीक आहे. पोचलीस की फोन कर.”

इथे ती गप्प होते. मंगळवारी घरात बोलणं कामापुरतं होतं. बुधवारी ती बॅग भरत असताना तो विचारतो, “काय झालंय?” ती म्हणते, “काही नाही.” तो पुन्हा विचारत नाही.

आता तिच्या बाजूने पाहू. तिने तीन वेळा सांगितलं. ऑपरेशन आहे, म्हणजे ही मोठी गोष्ट आहे. दादा नाही, म्हणजे मदतीला कोणी नाही. जाईन एकटी, म्हणजे एकटीने जायला लावू नकोस. मागच्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने कोणी न सांगता रजा काढली होती. याला ते साधं सुचलंही नाही. यावरून ती निष्कर्ष काढते, की माझ्या आईचं याला काही पडलेलं नाही.

त्याच्या बाजूनेही पाहू. पहिल्या वाक्यातून त्याला बातमी कळली आणि त्याने आनंद व्यक्त केला. दुसऱ्या वाक्यात त्याला काळजी ऐकू आली आणि त्याने धीर दिला. तिसऱ्या वाक्यात तिचा निर्णय ऐकू आला आणि त्याने तो मान्य केला. शिवाय त्याने गाजावाजा न करता तिचं गाडीचं तिकीट काढलं, आणि तीन दिवस ऑफिसातून लवकर निघून मुलाचं जेवण नि अभ्यास आपण बघायचं ठरवलं. हे तिला दिसेल आणि तिला बरं वाटेल, अशी त्याची अपेक्षा होती. तीही त्याने बोलून दाखवली नव्हती. आता तिचं तोंड का फुगलंय हे त्याला कळत नाही. त्याचा निष्कर्ष असतो, की काहीही करा, हिचं समाधान होत नाही.

दोघांपैकी कोणीही खोटं बोललेलं नाही आणि कोणी निष्काळजीही नाही. तरी गुरुवारी दोघांच्या मनात एकमेकांविषयी एकेक तक्रार जमा झाली आहे. ती तक्रार गुरुवारपुरती नाही, दुसऱ्याच्या स्वभावाची आहे. ‘त्याने रजा काढली नाही’ ही एका दिवसाची गोष्ट असते. ‘त्याला माझ्या माणसांचं काही वाटत नाही’ हा निकाल असतो आणि पुढच्या प्रत्येक प्रसंगात तो पुरावा शोधत राहतो.

या प्रसंगात आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तिला नक्की काय हवं होतं? त्याने रजा काढून बरोबर यावं? निदान नाशिकला तिच्या आईंना स्वतः फोन करावा? की नुसतं ‘तुला टेन्शन आलंय का?’ असं विचारावं? यातलं कुठलंही एक तिने मनाशी ठरवलेलं नव्हतं. आडून बोलण्यात हे नेहमी होतं. गरज धूसर असते, आणि शब्दांत मांडायची वेळच न आल्यामुळे ती बोलणाऱ्यालाही धूसरच राहते. जिचं उत्तर विचारणाऱ्यालाही माहीत नाही, ती गोष्ट दुसऱ्याने ओळखायची असते.

तरी माणसं आडून का बोलतात

एवढी गैरसोय असूनही आडून बोलणं टिकून आहे, कारण त्याचे फायदे खरे आहेत. भाषेतल्या सौजन्याचा अभ्यास करणारे पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी दाखवलं, की सुचवलेली गोष्ट नाकारता येते. ‘दादा बाहेरगावी आहे’ यावर काही प्रतिसाद आला नाही, तर ‘मी कुठे काही मागितलं?’ असं म्हणायची वाट मोकळी राहते. थेट ‘येशील का?’ विचारलं आणि ‘नाही’ ऐकावं लागलं, तर नकार दोघांच्या मध्ये उघडा पडतो. ज्याला नकाराची धास्ती जास्त, तो सुचवण्याचा आधार जास्त घेतो. नॅन्सी कॉलिन्स आणि ब्रुक फीनी यांनी 2000 साली जोडप्यांच्या अभ्यासात हेच पाहिलं. जवळिकीपासून जरा अंग चोरणारी माणसं अडचणीत असताना सरळ मदत मागण्याऐवजी सुचवत किंवा धुसफुसत, आणि या वाटेने त्यांना मदतही कमी मिळे.

दुसरं कारण वळणाचं आहे. आपल्याकडे मुलींना अजूनही शिकवलं जातं, की मागायचं नसतं, हट्ट करायचा नसतो, समजून घ्यायचं. सासरी नव्या सुनेने ‘मला हे हवंय’ असं चारचौघांत म्हणणं अनेक घरांत आगाऊपणाचं ठरतं. लेकी बोले सुने लागे ही पद्धत अशाच घरांतून पिढ्यानपिढ्या चालत आली. तिथे सुचवणं ही एकमेव खुली वाट असते. मुलग्यांना वेगळं वळण मिळतं. ताट समोर येतं, पाण्याचा तांब्या हाताशी असतो, डबा भरलेला असतो. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार भारतात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देत होत्या, आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. या कामात भांडी-कपड्यांबरोबर आणखी एक काम असतं: कोणाला काय लागेल हे आधी ओळखणं. जिने लहानपणापासून हे केलं, तिला ते माणसाच्या अंगातच असतं असं वाटतं. ज्याच्यासाठी ते दुसऱ्यांनी केलं, त्याच्याकडून ते आपोआप होत नाही. तिला ही बेपर्वाई वाटते. त्यामागे बहुतेक वेळा सरावाचा अभाव असतो. ही सबब म्हणून चालणार नाही, कारण सराव वाढवता येतो. पण तो वाढवायचा तर आधी काय हवंय ते कळावं लागतं.

पुरुषही कमी आडून बोलत नाहीत. त्यांची रीत थोडी वेगळी असते. ऑफिसातून आल्यावर तासभर कोणी काही विचारू नये असं वाटणारा नवरा ते सांगत नाही, तो मोबाइलमध्ये डोकं घालतो. कौतुकाचा भुकेला माणूस ‘आज बिल भरलं’ एवढंच म्हणून थांबतो. पगार कमी पडतोय ही भीती खर्चावरच्या चिडचिडीतून बाहेर येते. ऐकणारीला ती चिडचीड वाटते. मागची भीती तिला दिसत नाही.

तिसरं कारण सगळ्यांत खोल आहे, आणि या प्रकरणाचा गाभाही तेच आहे. अनेकांना मनापासून वाटतं, की मागून मिळालेल्याला किंमत नसते. ‘मी सांगितल्यावर केलंस, त्यात काय?’ न सांगता ओळखलं तरच ते प्रेम. रॉय आयडेलसन आणि नॉर्मन एपस्टीन यांनी 1982 मध्ये नातं बिघडवणाऱ्या समजुती मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. त्यांनी निवडलेल्या पाच समजुतींपैकी एक हीच होती, की जोडीदाराने आपलं मन न सांगता ओळखलं पाहिजे. ही समजूत ज्यांच्यात पक्की होती, त्यांचं सहजीवन तुलनेने असमाधानी आढळलं. कोर्टनी राइट आणि मायकल रोलॉफ यांनी 2015 मध्ये प्रेमसंबंधांत असलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची अशी अपेक्षा होती, ते दुखावले गेल्यावर अबोला धरण्याकडे आणि भांडणाकडे जास्त झुकत होते.

दुसऱ्याला ठाऊक नसलेली परीक्षा

न सांगता ओळखण्याला प्रेमाचा पुरावा मानलं, की सुचवणं ही परीक्षा होते. ती घेणाऱ्यालाच ठाऊक असते. देणाऱ्याला आपण परीक्षेला बसलोय याचाही पत्ता नसतो. तिचा निकालही एकतर्फी लागतो. ओळखलं नाही, तर प्रेम नाही. ओळखलं, तर त्यात विशेष काय, ते कळायलाच हवं होतं. नापास होण्याची नोंद राहते आणि पास होण्याची राहत नाही, म्हणून अशा परीक्षांची बेरीज काळानुसार उणेच होत जाते.

शिवाय ही परीक्षा प्रेमाचं मापही घेत नाही. इक्स यांच्या प्रयोगांत मनाचा अंदाज घेण्यात काही माणसं इतरांपेक्षा तरबेज ठरली. हे कसब लक्ष, सराव आणि समोरच्याने किती उघडपणे व्यक्त व्हायचं ठरवलंय यावर अवलंबून असतं. प्रेम असून अंदाज चुकतात, आणि प्रेम नसून अंदाज बरोबर येऊ शकतात. अनुभवी विक्रेता गिऱ्हाइकाचं मन क्षणात ओळखतो, त्यात माया नसते. म्हणून अंदाज चुकला यावरून माया नाही असं ठरवणं चुकीच्या पट्टीने मोजणं आहे.

ज्याला ओळखायला लावलं जातं, त्याच्यावर याचा काय परिणाम होतो तेही पाहिलं पाहिजे. अनिता बार्बी आणि मायकल कनिंगहॅम यांनी मदत मागण्याच्या रीतींची सरळ आणि आडवळणाची अशी विभागणी केली. सरळ मागणीला, म्हणजे अडचण सांगून मदत मागण्याला, समोरचा बहुधा उपाय किंवा दिलासा देऊन उत्तर देतो. उसासे, धुसफूस, मोघम तक्रारी यांना तो विषय टाळून, हलक्यात घेऊन किंवा तिथून निघून जाऊन उत्तर देतो. याचं कारण समजण्यासारखं आहे. धुसफुशीत त्याला गरज ऐकू येत नाही, नाराजी ऐकू येते. कशाची नाराजी ते माहीत नसलं, की काहीही करणं धोक्याचं वाटतं. तो गप्प राहतो. त्या गप्प राहण्याने समोरच्या व्यक्तीची शंका पक्की होते आणि ती आणखी फटकून वागते. दोघांच्याही नजरेत सुरुवात दुसऱ्याने केलेली असते.

ओळखण्यापेक्षा विचारणं

मग ऐकणाऱ्याने जास्त प्रयत्न केला, स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहिलं, तर? हा सल्ला फार जुना आहे. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली यांनी तो 25 प्रयोगांतून तपासला आणि 2018 मध्ये निष्कर्ष मांडले. दुसऱ्याच्या जागी आपण आहोत अशी कल्पना केल्याने लोकांचे अंदाज जास्त अचूक झाले नाहीत. अंदाज खरोखर सुधारला तो समोरच्याला त्याचं मत विचारल्यावर. दुसऱ्याच्या जागी उभं राहून आपण पाहतो, तेव्हाही डोळे आपलेच असतात.

म्हणून त्या बुधवारी बॅग भरत असताना “काय झालंय?” यापेक्षा चांगला प्रश्न होता, “गुरुवारी मी काय केलं तर तुला बरं पडेल?” “काय झालंय?” या प्रश्नात तक्रार सांगायला लावली जाते, आणि त्याचं सोपं उत्तर “काही नाही” हेच असतं. दुसऱ्या प्रश्नाला काहीतरी ठोस सांगावं लागतं. ते सांगताना, आपल्याला नेमकं काय हवंय, हे तिलाही ठरवावं लागतं.

मागितल्याने किंमत कमी होते, ही भीतीही पडताळून पाहिली गेली आहे. फ्रान्सेस्का जिनो आणि फ्रँक फ्लिन यांनी 2011 मध्ये भेटवस्तूंवर अभ्यास प्रसिद्ध केला. भेट देणाऱ्यांना वाटत होतं, की यादीतली वस्तू देण्यापेक्षा आपण मनाने निवडलेली वस्तू जास्त आपुलकीची वाटेल. घेणाऱ्यांनी मात्र आपण मागितलेल्या भेटीचं कौतुक जास्त केलं. आपलं म्हणणं ऐकलं गेलं, यातच त्यांना आपुलकी दिसली.

मागणं म्हणजे नेमकं काय

तोच सोमवार, तेच जेवण. ती म्हणते, “गुरुवारी आईचं ऑपरेशन आहे आणि दादा नाही. ऑपरेशन छोटं आहे हे मला कळतं, पण एकटीने थांबायची भीती वाटतेय. तू गुरुवारी रजा काढून येशील का?”

तो म्हणतो, “गुरुवारी ऑडिट आहे गं, ते हलणार नाही. शुक्रवारी शाळा सुटली की पिंट्याला घेऊन येतो, रविवारी सगळे एकदम परत येऊ. आणि गुरुवारी आईंना आत नेतील तेव्हा फोनवर मी तुझ्याबरोबर थांबेन. चालेल?”

तिला हवं ते तंतोतंत मिळालेलं नाही. तिला थोडं वाईट वाटेलही. पण हे वाईट वाटणं वेगळं आहे. तो येऊ शकत नाही हे तिला कळलं. त्याला यावंसं वाटत नाही असं तिने मनाने ठरवलेलं नाही. अपेक्षाभंग झाला, पण तो एका दिवसाचा राहिला, स्वभावावर गेला नाही.

तिच्या बोलण्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, वाटणं: भीती वाटतेय. दुसरी, नेमकी कृती आणि वेळ: गुरुवारी रजा काढून ये. तिसरी, प्रश्नचिन्ह: येशील का? पहिली नसेल तर मागणी हुकमासारखी ऐकू येते. ‘मला जरा आधार हवाय’ असं मोघम बोललं, की दुसरी निसटते आणि आधार म्हणजे काय हे पुन्हा समोरच्यालाच ओळखावं लागतं. तिसरी तर खरी असावी लागते. ‘नाही’ म्हटल्यावर चार दिवस अबोला होणार असेल, तर ते विचारणं नव्हतंच. आपण विचारतोय की बजावतोय हे ओळखायची खूण अशी, की नकार ऐकल्यावर पुढचं वाक्य ‘मग काय करता येईल?’ हे येतं, की ‘मला माहीतच होतं’ हे.

वेळ चुकण्याचा धोका मोठा आहे. महिनाभर सुचवून सुचवून शेवटी माणूस सरळ बोलतो, तेव्हा गरजेबरोबर महिन्याचा राग बाहेर पडतो. “तुला कधी वाटलं का, की माझ्या आईसाठी...” हे वाक्य सरळ असलं तरी त्यात मागणं काहीच नाही, फक्त आरोप आहे. समोरचा आरोपाला उत्तर देतो आणि गरज तशीच राहते. मग अनुभव येतो, ‘सरळ बोलून पाहिलं, भांडणच झालं.’ गरज लहान असताना बोललेलं सोपं जातं.

सरळ बोलणं त्या क्षणी गोड लागेलच असं नाही, हेही जाणून ठेवायला हवं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या निकोला ओव्हरॉल आणि सहकाऱ्यांनी 61 जोडप्यांना, एकमेकांत काय बदल हवाय, यावर बोलायला सांगितलं आणि वर्षभर त्यांचा मागोवा घेतला. सौम्यपणे, गोड बोलून, विषयाला फार हात न लावता झालेली चर्चा त्या वेळी यशस्वी वाटली. सरळ सांगणाऱ्यांची चर्चा त्या वेळी अवघड गेली. पण बारा महिन्यांनी जास्त बदल झालेला दिसला तो जिथे सरळ सांगितलं गेलं होतं तिथे. म्हणून सरळ बोलण्याची परीक्षा त्याच रात्री घेऊ नये. तीच गोष्ट पुढच्या वेळी पुन्हा सांगावी लागते का, हे पाहावं. नव्या सवयीला दोन-तीनदा आठवण लागणं साहजिक आहे. दहा वेळा नीट सांगून आणि समोरच्याने कबूल करूनही काहीच बदलत नसेल, तर मात्र तो न कळण्याचा प्रश्न उरत नाही. तेव्हा कळूनही न करणं याबद्दल बोलायला हवं, आणि ते बोलणं वेगळं आणि जास्त गंभीर असतं.

मर्यादा

घरातलं प्रत्येक सुचवणं चुकीचं नसतं. रोजच्या ठरलेल्या गोष्टींत अर्धं वाक्य पुरतं, कारण अर्थ आधीच ठरलेला असतो. “चहा?” या एका शब्दात कोणाचा घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो नव्या, नाजूक किंवा महागड्या गोष्टींत: पैसा, दोन्हीकडचे आई-वडील, शरीरसंबंध, मुलांची जबाबदारी, एकटं राहायची गरज. जिथे अर्थ ठरलेला नाही तिथे पूर्ण वाक्य लागतं.

न सांगता केलेल्या गोष्टींना मोल आहे, हेही खरं. निल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी 2000 साली न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. जोडीदाराने मदत केली पण परीक्षार्थीला ती जाणवलीही नाही, असे दिवस परीक्षार्थीच्या मनाला सर्वांत हलके गेले. पण हे देणाऱ्याने आपणहून करायचं असतं. घेणाऱ्याला ते हक्काने मागता येत नाही, आणि न झाल्यास अबोला धरून वसूलही करता येत नाही.

सगळ्यांत महत्त्वाची मर्यादा भीतीची आहे. काही घरांत सरळ मागितल्यावर अपमान होतो, पैसे बंद केले जातात किंवा हात उगारला जातो. तिथे माणूस आडून बोलतो कारण तेच सुरक्षित असतं. अशा माणसाला ‘सरळ बोलत जा’ असं सांगणं अन्यायाचं आहे. तिथे प्रश्न संवादाच्या रीतीचा नसतो, सुरक्षिततेचा असतो, आणि आधी मदत त्यासाठी हवी. स्त्रियांसाठी 181 हा मदतक्रमांक त्याकरताच आहे.

भीती नसलेल्या घरात मात्र, ‘सांगून केलं तर त्यात काय?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं. सांगितल्यावर समोरच्यापुढे दोन वाटा असतात. तो ऐकून सोडून देऊ शकतो, किंवा आपली सोय बाजूला ठेवून ती गोष्ट करू शकतो. न कळल्यामुळे न करण्यात निवड नसते, म्हणून त्यातून प्रेमाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. कळल्यावर करण्यात निवड असते. जोडीदाराला आपली किती कदर आहे हे ज्याला खरोखर जाणून घ्यायचं आहे, त्याने आधी त्याला ती संधी दिली पाहिजे, आणि ती सांगितल्याशिवाय देता येत नाही.